ताटाबाहेरचं मीठ

१

दुबलगुंडीतल्या त्या घरात दुपारचं ताट वाढण्याआधी एक काम असे. घरातल्या मोठ्या माणसाने उंबऱ्यावर उभं राहायचं, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकायची आणि मोठ्याने हाक द्यायची, "कोणी उपाशी हाय का? जेवाय या! ऊटक्क बर्रि!" हाक मराठीत एकदा, कानडीत एकदा, म्हणजे ऐकू आलं पण कळलं नाही असं कोणाला म्हणता येऊ नये. मग थोडं थांबायचं. कोणी आलं तर त्याचे पाय धुवायचे. नाही आलं तर आपले हात धुवायचे.

पूर्वी लोक येत. बैलबाजाराहून परतणारे, मेंढरामागचे, वाट चुकलेले, कोणीही. आता हुमनाबादच्या रस्त्यावर हॉटेलं झाली, रेशनचा तांदूळ घरोघरी आला आणि हाकेला ओ देणारं कोणी उरलं नाही. पण निलम्माने हाक सोडली नव्हती. नवरा पुण्यात प्राध्यापकी करत होता त्या सगळ्या वर्षांत, सासरा-सासूचं करत, तुरीची रास घरात घेत, तिने एकटीने ही हाक दिली होती. जगदेवप्पा सर निवृत्त होऊन गावी आले तेव्हा पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आता घरात मोठं माणूस हाय. हाक तुमीच द्या."

सरांना त्याची लाज वाटे. आतिथ्यधर्म हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. पाहुण्याला आधी न्हाऊ घालून, जेवू घालून मगच नाव विचारणारे जुने ग्रीक. वैऱ्यानेही दार ठोठावलं तर त्याला जिवाची हमी देणारे पठाण. चारी बाजूंनी तंबू उघडा ठेवणारा ज्यू लोकांचा तो वाळवंटातला म्हातारा पूर्वज. या सगळ्यांवर त्यांनी परिषदांतून निबंध वाचले होते. पण स्वतःच्या दारात उभं राहून ओरडायची वेळ आली की ते आधी दोनदा घसा साफ करत. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला हटकावं तशी ती हाक निघे. शेजारची बाणूबाई हसू दाबत म्हणे, "सर, आसं बोलावल्यावर भुकेजलेला बी पळून जाईल की."

त्या दिवशी माघ संपत आला होता. ऊन चटकायला लागलं होतं. गल्लीत एक कुत्रं तेवढं सावली धरून पडलेलं. सरांनी हाक दिली, थांबले आणि वळणार इतक्यात उत्तर आलं.

"व्हय."

उत्तर मागून आलं होतं. घरातून.

२

पडसाळीत, खांबाला टेकून, पोत्यावर एक माणूस बसला होता. सरांच्याच वयाचा असावा. पांढरं धोतर, बाह्या दुमडलेला सदरा, खांद्यावर टॉवेल. चेहरा असा की लग्नकार्यात कुठे तरी पाहिलाय असं वाटावं आणि कोणाच्या लग्नात ते आठवू नये.

सरांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आपण उंबऱ्यात उभे होतो आणि हा आपल्या अंगावरून आत गेला कसा. मग वाटलं, मागच्या दाराने आला असेल, गोठ्याकडून. मग वाटलं, आपल्याला हल्ली लक्ष राहत नाही. या तिसऱ्या विचारावर ते थांबले. कुठल्याही प्रश्नात चूक आपलीच असावी, हा त्यांचा जुना स्वभाव.

"या," ते म्हणाले. जो आत बसलाय त्याला 'या' म्हणणं त्यांच्याच कानाला चमत्कारिक लागलं. "बसा."

"बसलोय की," पाहुणा म्हणाला.

निलम्मा तांब्या आणि परात घेऊन आली. घाबरली नाही, थबकली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "पाय पुढं करा, आण्णा." रीतीप्रमाणे पाणी नवऱ्याने घालायचं, म्हणून तिने तांब्या सरांच्या हातात दिला.

सर वाकून पाणी घालू लागले. दुबलगुंडीची माती काळी. दारापासून विहिरीपर्यंत जाऊन आलं तरी टाचा राखाडी होतात. दरवेळी पाहुण्याचे पाय धुतले की परातीत गढूळ पाणी साचतं आणि त्यावरून तो किती लांबून आला हे निलम्मा न विचारता ओळखते.

परातीतलं पाणी स्वच्छ होतं. तळाची नक्षी दिसत होती.

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती गूळ आणायला वळली होती.

३

मीठ ताटात डाव्या हाताला, सगळ्यात आधी वाढतात. निलम्माने मीठ वाढलं, शेंगाचटणी वाढली, तुरीच्या वरणाची वाटी ठेवली, कडक भाकरी मोडून ठेवली. पाहुण्याने ताटाला हात जोडले. मग तर्जनीने मीठ हलकेच ताटाच्या कडेवर सारलं, कडेवरून खाली शहाबादी फरशीवर पाडलं आणि चटणी, वरण दोन्ही तिच्याकडे परत केलं.

"आक्का, दूध आसंल तर वता भाकरीवर. आन् गूळ."

त्याने ते सावकाश खाल्लं. संपल्यावर ताटात पाणी ओतून, बोटाने फिरवून ते पाणी प्यायला. अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही ही घरोघरची रीत त्याने चोख पाळली. फक्त मीठ तेवढं बाहेर, फरशीवर.

तो गेला कधी ते सरांना नीट कळलं नाही. ते हात धुऊन आले तेव्हा पोतं रिकामं होतं.

"तुझ्या माहेरचे का गं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या?" निलम्मा खरकटं काढता काढता थांबली. "मला वाटलं तुमच्या कालिजातले कोण हायत."

"मी ओळखत नाही त्यांना."

"मग देवाचे," ती म्हणाली आणि हसली. "आवो, तेवढं त्वांड कामून करायलाव? हाक तुमीच दिलाव की न्हाई?"

"पण नाव तरी विचारायचं होतं."

"तोंडात मीठ पडल्याबिगर? आमच्या सासऱ्यानं जलमभर सांगितलं, गूळ-पाणी वाटंचं, मीठ घरचं. मीठ खाल्लं की माणूस बांधला. मग नाव इचारा, गाव इचारा, रातीला ठिवून घ्या. त्याच्याआधी इचारणं म्हंजे भाकरीचा मोबदला मागणं."

 हे तर सरांनीच लिहिलं होतं. अरबांचं मीठ, रशियनांचं भाकरी-मीठ, आपल्याकडची मिठाला जागायची भाषा: सगळ्या जगाने याच एका चिमटीवर विश्वास ठेवला आहे. एका निबंधात त्यांनी म्हटलं होतं, आतिथ्य म्हणजे दयाळूपणा नव्हे. दोन भ्यालेल्या माणसांमधला तो तह आहे, आणि मीठ ही त्या तहावरची सही. टाळ्या पडल्या होत्या. सही न करणाऱ्याचं काय करायचं, हे त्यांना तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

'रक्तदाब असेल,' त्यांनी स्वतःला समजावलं. 'मलाही डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंच आहे की.'

४

दुसऱ्या दिवशी हाक देण्याआधी सरांनी मागच्या दाराला कडी घातली. ओढून पाहिली. मग सोपा, खोली, न्हाणी, सगळीकडे डोकावले. आपण वेडेपणा करतो आहोत हे त्यांना कळत होतं. उंबऱ्यावर गेले, हाक दिली.

"व्हय," पडसाळीतून आवाज आला.

तिसऱ्या दिवशीही तसंच. पुढे पुढे सर हाक हळू देऊ लागले. मग नुसते ओठ हलवू लागले. तरी 'व्हय' यायचंच. एकदा त्यांनी हाक दिलीच नाही. दारात नुसते उभे राहिले, घाम पुशीत. आतून निलम्मा म्हणाली, "आवो, पावणं खोळंबलेत. हाक द्या की."

पायांवरचं पाणी रोज स्वच्छ. मीठ रोज फरशीवर.

स्वयंपाकघराची चौकट त्या घरात ठेंगणी. परका माणूस तिथे हमखास डोकं आपटून घेतो. सर गावी येऊन इतका काळ लोटला, तरी आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या कपाळाला टेंगूळ यायचंच आणि निलम्मा हळद लावता लावता म्हणायची, "कवा सवय व्हायची तुमाला ह्या घराची?" पाहुणा बोलता बोलता त्या चौकटीखालून मान झुकवून सहज आत गेला. वर बघितलंसुद्धा नाही. पाण्याच्या हंड्यामागे हात घालून त्याने पितळी गडवा काढला. तो गडवा तिथे असतो हे सरांना ठाऊक नव्हतं.

निलम्मा त्याच्याशी बोलायची. तुरीला भाव काय मिळाला, बाणूबाईची म्हैस कशी अडली, हुलसूरच्या भाचीचं कसं चाललंय. सर आपल्या खुर्चीत पेपर धरून ऐकत. बोलणं साधंच असे, पण मध्येच निलम्मा हसायची. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं हे हसू सरांनी ऐकलं नव्हतं. ते सुट्टीत येत, तेव्हा ती त्यांना ताजी भाकरी वाढी, उशी झटकून देई, निघताना वेशीपर्यंत पोचवायला येई. नीट आठवून पाहिलं तर त्यांच्याशी ती फार चांगली वागली होती. पाहुण्याशी वागावं तशी.

हा विचार आला आणि जायला तयार होईना.

एकदा पाहुणा गेल्यावर निलम्मा ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. खांबाजवळच्या एका फरशीवर तळहाताएवढा पांढुरका डाग होता.

"बघ, मिठाने फरशी खाल्ली," सर म्हणाले. "सांग त्यांना, मीठ वाढायचंच नको."

"बिनमिठाचं ताट वाढायला घरात सुतक हाय का?" ती म्हणाली. "आन् ह्यो डाग आजचा न्हाई. तुमी पुण्याहून कायमचं आलाव ना, तवापासनं हाय. लई घासलं. जात न्हाई."

५

महेबूबसाबचं सायकलचं दुकान बसस्टँडजवळ. सायकली कोणी आणत नव्हतं, म्हणून दुकानात आता चहा आणि गप्पा तेवढ्या चालत. सर आणि महेबूबसाब शाळेत एका पाटीवर लिहीत. सरांनी त्याला सगळं सांगितलं. म्हणजे जेवढं सांगितल्यावर माणूस वेडा ठरत नाही तेवढं.

"हमारे में तीन दिन मेहमान का हक हय, सर," महेबूबसाब बशीत चहा ओतत म्हणाला. "तीन दिन पूछना नै. उसके बाद जो खिलाये वो सदका, दानधरम. पूछ लेव ना, कौन हय, कायकू आया. उसमें क्या शरम?"

"मीठ खात नाही तो. निलम्मा म्हणते, विचारायचं नाही."

"नमक नै खाता?" महेबूबसाबने बशी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा थोडी उतरली. "नमक नै खाया तो मेहमान बी नै हुआ. फिर कौन हुआ वो?"

"तेच तर."

"मेरे दादा बोलते थे, जो तुम्हारा नमक टालता, उसकी नजर थाली पे नै, घर पे रहती." मग स्वतःच हसून त्याने ते उडवून लावलं. "छोडो सर. तुमे बहुत पढे, उसका ये नतीजा. वैसे तुमसे नाराज हूँ मैं. परसों वेस के पास खडे थे तुमे, धोती में. इत्ती आवाज दिया, मुंडी तक नै हिलाई."

सरांनी आयुष्यात कधी धोतर नेसलं नव्हतं. पुण्यात पँट, घरी पायजमा.

"मी नव्हतो तो," ते म्हणाले.

"हौ हौ," महेबूबसाब म्हणाला. "मैं क्या तुमारेकू नै पहचानता?"

६

त्या रात्री सर छताच्या फरश्यांकडे बघत पडून राहिले. ते एक गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होते. निवृत्तीनंतर पुण्याहून कायमचे आले तो दिवस. एस.टी.तून हुमनाबादला उतरले, तिथून रिक्षा. दारात निलम्माने पायांवर पाणी घातलं, हातावर गूळ ठेवला. एवढं आठवत होतं. तेव्हा पडसाळीत कोणी होतं का? हाक कोणी दिली होती? एक जाड, घरगुती, गावचा आवाज कानात यायचा आणि धरू गेलं की निसटायचा.

'स्मृती ही साक्षीदार म्हणून कच्ची असते,' त्यांनी स्वतःला सांगितलं. हे वाक्य ते विद्यार्थ्यांनाही सांगत. त्याने आज बरं वाटलं नाही.

निलम्मा शेजारच्या खाटेवर शांत झोपली होती. तिच्या श्वासाकडे ते कान देऊन राहिले. हे घर जाईल, शेत जाईल, हैदराबादेतल्या लेकाला यातलं काही नको आहे, तेही चालेल. पण सकाळी उठून ही 'आवो' म्हणेल ते आपल्यालाच म्हणेल ना, एवढं एकच त्यांना खात्रीने हवं होतं. बाकी कशाचीही खात्री नसताना आयुष्य काढता येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निलम्मा मळ्यातून आलेली भाजी निवडत होती. सर स्वयंपाकघरात गेले, कपाळ चौकटीला आपटून घेतलं, दुधाच्या पातेल्यात मिठाची चिमूट टाकली आणि ढवळली. चिमूट लहानच होती. दूध फाटलं नाही.  पाहुण्याच्या अन्नात त्याला न सांगता काही घालणं. ज्या ज्या लोकांविषयी त्यांनी लिहिलं होतं, त्या सगळ्यांच्यात याला एकच नाव होतं आणि ते नाव विषाच्या पंगतीतलं होतं.

'मीठच आहे,' ते पुटपुटले. 'तहच तर करतोय.'

७

पाहुण्याने पहिला घास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबवला. घास परत ताटात ठेवला. रागावला नाही. त्याने सरांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत अशी काही ओळख होती की सरांनीच मान खाली घातली.

"आक्का, जातो आता," तो उठत म्हणाला.

निलम्माचा चेहरा पांढरा पडला. "आण्णा, ताटावरून? उपाशी? आमचं काय चुकलं?"

"तुमचं काय न्हाई."

ताटावरून उपाशी उठलेला पाहुणा घरातलं पुण्य उचलून नेतो आणि आपलं होतं नव्हतं ते मागे ठेवून जातो, हे त्या गावात लेकराला दात येण्याआधी कळतं. निलम्मा नवऱ्याकडे वळली. तिने पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आणि मग सरांकडे बघण्याचं टाळत म्हणाली, "पोचवून या त्यांला. वेशीबाहेर, वढ्यापतूर. नीट निरोप द्या. हात जोडा."

ते दोघे निघाले. भर दुपार, गल्ली ओस. पाहुणा पुढे, सर मागे. यजमानाने पाण्यापर्यंत पोचवायचं, निरोपाचं वाक्य बोलायचं आणि मगच फिरायचं. सर मनात वाक्य जुळवत होते. चालता चालता त्यांच्या लक्षात आलं की आपण कधी तरी पुढे आलो आहोत आणि पावलांचा आवाज मागून येतोय. ते थांबले तर तोही थांबला. वळून पाहायला त्यांची मान धजली नाही.

वेस गेली. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसता ओला गाळ. सर दगडावरून पाय टाकत पलीकडे गेले. का गेले, हे पुढे त्यांना कितीही विचार करून सांगता आलं नसतं. निरोप देणाऱ्याने अलीकडे थांबायचं असतं.

"सावकाश जावा," अलीकडून पाहुणा म्हणाला. हात जोडलेले होते. "परत कवा बी या. घर तुमचंच हाय."

हे यजमानाचं वाक्य. सर जे जुळवत होते तेच, अगदी त्याच शब्दांत, पण गावच्या बोलीत, अडखळल्याशिवाय.

तो वळला आणि वेशीतून आत गेला. पाठीमागून पाहताना सरांना वाटलं, टॉवेल खांद्यावर टाकायची ही पद्धत वडिलांची.

८

सर परत निघाले तेव्हा पायात वहाणा नव्हत्या. गाळात रुतल्या असाव्यात. घोट्यापर्यंत चिखल, त्यावर काळी धूळ. बसस्टँडपाशी महेबूबसाब दुकानाच्या पायरीवर बसला होता. सरांना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"महेबूब," त्यांनी हाक मारली.

महेबूबसाब अदबीने उठून उभा राहिला. सलाम केला. ज्या माणसाबरोबर त्याने एका पाटीवर अक्षरं गिरवली, त्याला तो सलाम करत नसे.

"नाम मालूम हय मेरा? बडी बात," तो म्हणाला. "पुने तरफ के दिखते तुमे, बोली से. धूप में नंगे पाँव कायकू फिर रये, भाई? भूके दिखते. ऐसा करो, सीधे जाव, नीम के बाजू में सर का घर. जगदेवप्पा सर. उने रोज दरवाजे में खडे होके बुलाते. कोई पूछता नै कौन, कहाँ के."

"मीच..." सर म्हणाले.

"हौ, तुमीच जाव," महेबूबसाब समजुतीने म्हणाला आणि पाण्याचा पेला पुढे केला.

गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत सरांनी कारणं शोधली. ऊन लागलं असेल. महेबूबची थट्टा असेल. लहानपणी तो असंच करायचा. घरी गेलं की निलम्मा म्हणेल, आवो, वहाणा कुठं टाकलाव. तेवढं ती म्हणाली की झालं.

उंबऱ्यावर धोतरातला माणूस उभा होता. त्याने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली, घसा साफही केला नाही.

"कोणी उपाशी हाय का? जेवाय या! ऊटक्क बर्रि!"

बाणूबाईच्या दारातलं कुत्रंसुद्धा उठून बसलं. काय हाक होती ती! तिला नाही म्हणता आलं नसतं. सरांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि त्यांच्याही नकळत त्यांच्या तोंडून निघालं, "हो."

"या," तो माणूस बाजूला होत म्हणाला. "बसा."

पडसाळीत खांबाजवळ पोतं अंथरलेलं होतं. निलम्मा तांब्या-परात घेऊन आली. तिने पदर सारखा केला. पाणी त्या माणसाने घातलं. परात काळीभोर झाली, पुन्हा भरली, पुन्हा काळी झाली.

"लई लांबनं आलाव," निलम्मा म्हणाली. तिच्या आवाजात खरी कणव होती. सरांनी तिच्या चेहऱ्यात शोधलं: राग, थट्टा, दुधात मीठ घातल्याची शिक्षा, काहीही चाललं असतं. तिथे फक्त आस्था होती. सुट्टीत ते यायचे तेव्हा असे तशीच, तेवढीच.

तिने ताट ठेवलं. डाव्या हाताला मीठ वाढलं.

"निलम्मा, अगं, मी आहे. मी तुझा..."

ती दचकली, आणि मग तिने हात वर केला, पोराला दटावावं तसा, हसून. "आधी जेवा, आण्णा. काय सांगायचं ते मागनं. तोंडात मीठ पडल्याबिगर ह्या घरात कोणाला नाव इचारत न्हाईत, आन् कोणी सांगत बी न्हाई."

शेजारच्या ताटावर तो माणूस बसला होता. त्याने आपल्या ताटातली मिठाची कणी चिमटीत धरून वरणात टाकली आणि बोटाने कालवली. जिभेवर घेतली. डोळे मिटले. किती दिवसांनी मिळाल्यासारखं तो ती चव घोळवत राहिला.

"आवो, आजून मीठ देऊ?" निलम्माने त्याला विचारलं.

सर मिठाकडे बघत राहिले. एक चिमूट. ती खाल्ली की ही नाव विचारील, आणि जे नाव सांगायचं ते शेजारी जेवत होतं. ती खाल्ली की ते या घराचे पाहुणे होतील, खरे, बांधलेले. त्यांना जपलं जाईल, रातीला ठेवून घेतलं जाईल, आणि सकाळी ओढ्यापर्यंत पोचवून नीट निरोप दिला जाईल. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

नाही खाल्ली, तर उद्याही हाक येईल.

त्यांनी ताटाला हात जोडले. मग तर्जनी पुढे केली.  मीठ कडेवर आलं, कडेवरून खाली पडलं, आणि त्या पांढुरक्या डागावर नेमकं बसलं.

"आक्का," ते म्हणाले, आणि शब्द आपोआप गावचे झाले, "दूध आसंल तर वता भाकरीवर. आन् गूळ."